मुलाखतीच्या आदल्या दिवशी पाठवायचा एक मेल : 'नेट तुटलं तर या नंबरवर फोन करा'

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात कुणी मुलगा-मुलगी नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीची वाट बघत असेल, त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि त्या मुलाला वाचायला द्या.

२०२० च्या लॉकडाऊननंतर पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कंपन्यांनी पहिली मुलाखत व्हिडिओवर घ्यायला सुरुवात केली आणि ती पद्धत तशीच राहिली. आपल्या कोयना खोऱ्यातल्या पोरांना त्यात फायदा झाला हे खरं. पूर्वी दहा मिनिटांच्या पहिल्या फेरीसाठी पहाटेची एसटी पकडून पुण्याला जावं लागायचं, ते वाचलं. पण त्याबरोबर एक ओझं गुपचूप उमेदवाराच्या अंगावर आलं. पूर्वी कंपनीच्या ऑफिसातली लाईट, कंपनीची खुर्ची आणि कंपनीची खोली असायची. आता लाईट तुझी, नेट तुझं आणि ते तुटलं तर नुकसानही तुझंच. ज्या खोऱ्यातल्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प चालतो, त्याच खोऱ्यात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मुलाखतीत नेट तुटणार असेल तर काय करायचं, यावर आपल्याकडची बहुतेक मुलं दोनच गोष्टी करतात. एक म्हणजे काहीच सांगायचं नाही आणि देवावर हवाला ठेवायचा. दुसरी म्हणजे चालू मुलाखतीत आवाज तुटायला लागल्यावर 'सर, नेटवर्क इश्यू आहे' म्हणायचं. मला वाटतं तिसरी गोष्ट करायला हवी. आदल्या दिवशी, कामाच्या वेळेत, एक छोटा मेल करून आधीच सांगायचं की आमच्याकडे नेट कमजोर आहे आणि तुटलं तर काय करायचं ते असं असं ठरवू. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीने हे केलं. मी सगळं जवळून बघितलं, म्हणून तपशिलात लिहितो. तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र देत नाही.

मुलगी बी.कॉम. झालेली, टॅली येतं, कराडला एका सीएकडे वर्षभर काम केलेलं. पुण्याच्या एका कंपनीत अकाउंट्स विभागासाठी अर्ज केला होता. गुरुवारी संध्याकाळी मेल आला : मंगळवारी सकाळी साडेअकराला व्हिडिओ मुलाखत, अर्धा तास, समोर तिघं जण. शुक्रवारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, आमच्या घरात नेट कसं आहे तुम्हाला माहितीये. पण आधीच सांगितलं तर ते म्हणतील, हिला साधं नेट जमवता येत नाही, ही काम काय करणार?"

ही भीती खोटी नाही. म्हणून मी पुण्यात एचआरचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. त्याने जे सांगितलं ते ऐकून ती थोडी शांत झाली. तो म्हणाला, "आम्ही एका सकाळी सात-आठ जणांच्या वेळा लावलेल्या असतात. त्यात दोन मॅनेजर त्यांचं काम सोडून बसलेले असतात. एखाद्याचा कॉल तुटला आणि पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नसलं, की दहा मिनिटं 'हॅलो, हॅलो' करण्यात जातात. मॅनेजर वैतागतात आणि पुढच्या मुलाची वेळ येते. नेट कमजोर असण्याचा राग कुणालाच नसतो. पुढे काय करायचं ते ठरलेलं नसलं की पंचाईत होते."

म्हणजे मेलमध्ये कमजोरी कळवून थांबायचं नाही. तुटल्यावर काय करायचं तेही त्यात ठरवून द्यायचं. पण ते ठरवण्याआधी आपलं नेट नेमकं किती कमजोर आहे, ते मोजलं पाहिजे.

आम्ही शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस सकाळी साडेअकरालाच, जिथे ती बसणार होती त्याच टेबलावर स्पीड टेस्ट केली. मुलाखतीच्याच वेळेला मोजायचं, कारण त्या वेळी टॉवरवर किती गर्दी असते त्यावर सगळं ठरतं. रात्री अकराला चांगलं येणारं नेट सकाळच्या मुलाखतीबद्दल काहीच सांगत नाही. स्पीड टेस्टमध्ये दोन मोठे आकडे येतात. डाउनलोड म्हणजे आपल्याकडे किती येतं, अपलोड म्हणजे आपल्याकडून किती जातं. सगळे डाउनलोड बघतात, कारण यूट्यूब त्यावर चालतं. मुलाखतीत मात्र आपला चेहरा आणि आवाज तिकडे जायचा असतो, म्हणून अपलोड बघायचा.

तिचा डाउनलोड तिन्ही दिवस बारा-पंधरा एमबीपीएस होता, म्हणजे झकास. अपलोड शुक्रवारी १.४, शनिवारी ०.५ आणि रविवारी ०.९. त्यातही रविवारी मध्येच वीस मिनिटं लाईट गेली. डाउनलोड आणि अपलोडमध्ये एवढा फरक का पडतो? टॉवर मोठ्या ताकदीने आपल्याकडे फेकतो, पण आपल्या मोबाईलला तेवढ्याच अंतरावर, मधल्या डोंगराला आणि भिंतींना पार करून, त्याच्या छोट्या बॅटरीच्या जोरावर परत पाठवायचं असतं. त्यामुळे गावाबाहेरच्या घरात 'बघायला नेट भारी, बोलायला बेकार' असा प्रकार होतो.

आता गरज किती असते ते बघा. झूमने स्वतः दिलेल्या माहितीनुसार चांगल्या चित्राच्या व्हिडिओ कॉलला आपल्याकडून साधारण ६०० केबीपीएस जावं लागतं, म्हणजे ०.६ एमबीपीएस. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात. म्हणजे शनिवारसारखा दिवस निघाला तर व्हिडिओ अडखळणार, पण आवाज आरामात जाणार. कॅमेरा बंद केला की गरज सात ते दहा पटीने कमी होते. तिची अडचण त्या काठावरची होती. असा काठावरचा माणूसच आधी कळवण्याचा विचार करत नाही, कारण परवा तर चाललं होतं.

नेटवरचा आवाजही तुटला तर साधा फोन. इथे काही जण विचारतात, टॉवर तोच, मोबाईल तोच, मग नेट चालत नसताना फोन कसा चालेल? चालतो, आणि त्याला कारण आहे. ४जीवर साधा फोन लावला, म्हणजे सेटिंगमध्ये VoLTE लिहिलेलं असतं तो, तर टॉवर त्या आवाजासाठी वेगळी राखीव वाट ठेवतो आणि त्याला पुढे सोडतो. व्हॉट्सअॅप कॉल किंवा झूमचा आवाज बाकी सगळ्या नेटच्या गर्दीत रांगेत उभा असतो. एसटी स्टँडवर रिझर्व्हेशनवाला आणि खिडकीत रुमाल टाकणारा यांच्यात जो फरक, तोच. म्हणून पर्याय सांगताना 'व्हॉट्सअॅप कॉल करा' असं लिहू नका. नेट गेल्यावर तोही जाईल. साधा फोन म्हणा.

याला मर्यादाही आहे. लाईट गेल्यावर टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की फोनही गेला. शिवाय जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीचं, त्यात जुनं २जी नाही. एअरटेल आणि व्हीआयवर ४जी गेलं तर फोन २जीवर तरी लागू शकतो. म्हणून नेट ज्या कंपनीचं, त्याहून वेगळ्या कंपनीचा नंबर फोनसाठी द्यावा. दोन कंपन्यांची साधनं कधी कधी एकाच टॉवरवर असतात, त्यामुळे ही काही पक्की हमी नाही. पण एकाच दोरीला दोन्ही घागरी बांधण्यापेक्षा बरं.

अजून एक सापळा आहे. तिच्या लॅपटॉपला नेट तिच्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून मिळत होतं. त्या मोबाईलमध्ये दोन सिम, आणि तिला फोनसाठी त्यातलंच दुसरं सिम द्यायचं होतं. मी म्हटलं, आधी करून बघू. तिने हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि मी त्या दुसऱ्या सिमवर फोन केला. तिने उचलला आणि लॅपटॉपवरचं नेट थांबलं. बऱ्याच दोन सिमच्या मोबाईलमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचं नेट थांबतं. म्हणजे ऐन मुलाखतीत मावशीचा फोन आला आणि चुकून उचलला, तरी व्हिडिओ बंद! तेव्हा हॉटस्पॉटचा मोबाईल वेगळा आणि बोलायचा मोबाईल वेगळा पाहिजे. तिच्या वडिलांचा फोन दुसऱ्या कंपनीचा होता. ते डेअरीवर दूध संकलन करतात, फोन दिवसभर लागतो. तरी त्यांनी मंगळवारी दोन तास तो घरी ठेवायचं कबूल केलं.

हे सगळं झाल्यावर मेल लिहिला. सोमवारी सकाळी दहाला, ज्या मेलवर मुलाखतीची वेळ आली होती त्यालाच उत्तर म्हणून. नवीन मेल मुद्दाम केला नाही. वेळा लावणाऱ्या मॅडमकडे अशी शंभर मुलं असतात. त्याच धाग्यात उत्तर दिलं की कोण, कोणती जागा, किती वाजता, सगळं त्यांच्या डोळ्यासमोर येतं आणि तो मेल तसाच मुलाखत घेणाऱ्यांना पुढे पाठवता येतो. मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो :

"नमस्कार मॅडम,

मंगळवारी सकाळी ११.३० च्या व्हिडिओ मुलाखतीला मी नक्की हजर आहे.

मी सध्या कोयना खोऱ्यातल्या माझ्या गावी आहे. इथे सकाळच्या वेळी इंटरनेटचा वेग कमी-जास्त होतो. त्याच वेळेला तीन दिवस तपासून पाहिलं आहे : आवाज व्यवस्थित जातो, व्हिडिओ मध्येच अडकण्याची शक्यता आहे.

मी कॅमेरा सुरू ठेवूनच जॉइन होईन. चित्र अडकलं तर आपल्याला सांगून कॅमेरा बंद करीन. कॉल पूर्ण तुटला तर मी एकदा लगेच परत जॉइन होईन. तीन मिनिटांत जमलं नाही, तर कृपया पुढील नंबरवर साधा फोन करावा, म्हणजे मुलाखत त्याच वेळेत पूर्ण करता येईल : (नंबर). हा फोन वेगळ्या नेटवर्कवर आहे आणि माझ्याजवळच असेल.

ही व्यवस्था चालेल का, आणि फोन कोणत्या नंबरवरून येईल, हे कळवलंत तर बरं होईल. व्हिडिओ आवश्यकच असेल तर आज कळवावं, मी कराडहून जॉइन होण्याची सोय करीन."

एवढंच. आता त्यात काय आहे आणि काय नाही, ते बघा.

पहिलं वाक्य हजर राहण्याचं. ते आधी नसेल तर घाईत वाचणाऱ्याला वाटतं, ही वेळ पुढे ढकला म्हणतेय. मग अडचण दोन-तीन ओळींत, मोजलेली. 'आमच्याकडे नेटचा फार प्रॉब्लेम आहे हो' असं म्हटलं तर समोरच्याला काहीच अंदाज येत नाही. 'आवाज जातो, व्हिडिओ अडकू शकतो' म्हटलं की त्याला कळतं काय होणार आहे. टॉवरच्या तक्रारी नाहीत, माफी नाही, गरिबीची कहाणी नाही. तिच्या पहिल्या मसुद्यात 'गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व' दोनदा होतं, तिने स्वतःच काढलं. म्हणाली, "काका, मी चूक कुठे केलीये?"

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते 'कोणी कोणाला, किती मिनिटांनी'. नुसतं 'नेट गेलं तर फोनवर बोलू' लिहिलं तर काय होतं? कॉल तुटतो. मुलगी कंपनीच्या फोनची वाट बघते, कंपनी ती परत जॉइन होण्याची वाट बघते. दोघंही शहाणे, दोघंही गप्प, आणि दहा मिनिटं गेली. कधी दोघं एकदम एकमेकांना फोन लावतात आणि दोघांनाही नंबर बिझी लागतो. तीन मिनिटं आणि फोन तुम्ही करायचा, एवढं ठरलं की भानगड मिटली. 'फोन कोणत्या नंबरवरून येईल' हे विचारायचं कारण, आपल्यापैकी कित्येकांच्या मोबाईलवर अनोळखी नंबर गप्प करायची सेटिंग असते. पुण्याचा लँडलाईन नंबर आला की घरचे 'लोनवाले असतील' म्हणून कट करतात. वडिलांच्या फोनमध्ये तो नंबर आधीच सेव्ह केला.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त पटतं. तिने थेट 'फोनवरच मुलाखत घ्या' अशी मागणी केली नाही. हल्ली ऑनलाइन मुलाखतीत उमेदवाराच्या जागी दुसराच माणूस उत्तरं देतो, असे प्रकार झाले आहेत. त्यामुळे काही कंपन्यांना चेहरा बघायचाच असतो, आणि कॅमेरा सुरुवातीपासून बंद असेल तर शंका येते. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं तरी कॅमेरा सुरू ठेवायचा, ओळखपत्र हाताशी ठेवायचं. कुणी म्हणालं व्हिडिओ लागेलच, तर सोमवारची दुपार हातात होती. कराडला आत्याकडे वायफाय आहे, सकाळच्या एसटीने वेळेत पोचता आलं असतं. आदल्या दिवशी सकाळी मेल करण्याचा खरा फायदा हा. मुलाखतीआधी पंधरा मिनिटं कळवलं तर ते फक्त रडगाणं उरतं, दोन्ही बाजूंना काहीच करता येत नाही.

दुपारी तीनला उत्तर आलं. दोन ओळींचं : चालेल, या लँडलाईन नंबरवरून फोन येईल.

मंगळवारी पाऊस होता. साडेअकराला व्हिडिओ सुरू झाला, चौदा मिनिटं चांगला चालला. मग एका सरांनी सांगितलं की तुमचं चित्र थांबलंय. तिने ठरल्याप्रमाणे सांगून कॅमेरा बंद केला. आवाज पाच-सहा मिनिटं नीट गेला आणि मग लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण नेट गेलं. कदाचित सगळ्या गावाचे वायफाय एकदम बंद पडून सगळे मोबाईल डेटावर आले असतील. तिने एकदा परत जॉइन व्हायचा प्रयत्न केला. झालं नाही. तिसऱ्या मिनिटाला वडिलांचा फोन वाजला.

फोनवर बोलण्याचीही एक पद्धत असते, तिची आम्ही रविवारी तयारी केली होती. चेहरा दिसत नाही, त्यामुळे आपण थांबलो की समोरच्याला कळत नाही विचार करतेय की लाईन गेली. म्हणून पहिलं वाक्य, 'माझा आवाज नीट येतोय ना? मी बँक रिकन्सिलिएशनचा दुसरा मुद्दा सांगत होते.' म्हणजे तुटलेला धागा आपणच हातात द्यायचा. उत्तर संपलं की 'एवढंच, सर' म्हणायचं. विचार करायचा असेल तर 'एक क्षण विचार करते' असं बोलून दाखवायचं. त्यांना एक्सेलची शीट दाखवायची होती, ती फोनवर कशी दाखवणार? तिने विचारलं, मेल केलीत तर अर्ध्या तासात सोडवून पाठवू का? त्यांनी पाठवली. लाईट तासाभराने आली, पण तिने वडिलांच्या मोबाईलच्या नेटवरून वेळेत परत पाठवली.

दुसऱ्या फेरीला पुण्याला बोलावलं. ती जाऊन आली. निकाल अजून यायचाय. नोकरी मिळेल की नाही ते तिच्या हिशोबाच्या ज्ञानावर ठरेल, आणि ते तसंच ठरायला हवं. लाईटवर किंवा टॉवरवर ठरायला नको.

आता दोन गोष्टी, ज्या पोरांच्या हातातल्या नाहीत.

माझ्या यादीत पुण्या-मुंबईत एचआरमध्ये असलेले आपल्या भागातले काही जण आहेत. त्यांना विनंती. मुलाखतीच्या मेलमध्ये एक ओळ घाला : 'कॉल तुटल्यास आम्ही पाच मिनिटांत आपल्या नंबरवर फोन करू.' काही मीटिंगच्या आमंत्रणात खाली फोनने जोडलं जाण्याचा नंबर आणि पिन देता येतो, तोही चालू ठेवा. उमेदवाराने मागण्याआधी तुम्ही दिलंत, तर ज्याला मागायची भीती वाटते त्यालाही मिळेल.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. आपल्या अभ्यासिकेत फायबरचं नेट आहे, इन्व्हर्टर आहे. नाही ती फक्त दार लावता येईल अशी एक छोटी खोली. मागच्या बाजूला जुने पेपर ठेवलेली खोली रिकामी करून एक टेबल, एक खुर्ची आणि 'मुलाखत सुरू आहे' अशी पाटी लावली, आणि वहीत नाव लिहून तासाभरासाठी ती मिळाली, तर दरवर्षी कितीतरी पोरांची एसटी आणि धाकधूक वाचेल. येत्या सोमवारी मी याचं निवेदन देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सकाळी अकराला अभ्यासिकेपाशी या.

तोवर कमेंटमध्ये एक काम करा. आपल्या वाडीत किंवा गल्लीत सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात कोणत्या कंपनीचा अपलोड किती येतो, तो मोजून वाडीच्या नावासकट लिहा. मी सगळं एकत्र करून यादी टाकतो. मुलाखतीला कुठे बसायचं, हे पोरांना आधीच कळेल.